परदेशात चेक-इन बॅग हरवली: एअरलाइनचं पत्र, वस्तूंची यादी आणि विम्याचा हिशोब

प्रश्न: परदेशात उतरलो तेव्हा चेक-इन केलेली बॅग आलीच नाही. विमानतळावर लगेच रिपोर्ट दिला, आज १७ दिवस झाले, एअरलाइन फक्त "शोध चालू आहे" म्हणते. ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे. क्लेम कसा करायचा? आतल्या सामानाची किंमत कशी दाखवायची? निम्म्या वस्तूंची बिलं नाहीत.

उत्तर:

१७ वा दिवस आहे, म्हणजे तुमच्या हातात अजून ४ दिवस आहेत आणि ते बसून घालवू नका. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू होणाऱ्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, बॅग ज्या दिवशी यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आली नाही, किंवा एअरलाइनने त्याआधीच हरवल्याचं कबूल केलं, तर ती हरवली असं धरून प्रवासी भरपाई मागू शकतो. तोपर्यंत कागदोपत्री ती फक्त "उशिरा येणारी" बॅग असते. बहुतेक पॉलिसींतही "बॅगेला उशीर" आणि "बॅग पूर्ण हरवणे" ही दोन वेगळी कलमं असतात, त्यांच्या रकमाही वेगळ्या. पूर्ण हरवल्याचा क्लेम १७ व्या दिवशी भरला तर "एअरलाइनचं पत्र आणा" म्हणून तो परत येईल.

पण कळवणं आणि क्लेम भरणं यात फरक आहे. विमा कंपनीला घटना कळवण्याची मुदत पॉलिसीत स्वतंत्रपणे दिलेली असते आणि ती बहुधा आगमनापासूनच मोजतात. अजून कळवलं नसेल तर आजच ईमेल करा: पॉलिसी नंबर, उड्डाणाची तारीख, बॅगेचा टॅग नंबर, रिपोर्टचा नंबर आणि "बॅग अद्याप मिळालेली नाही, पूर्ण हरवल्याचा दावा करण्याची शक्यता आहे" एवढं एक वाक्य. उत्तरात क्लेम नंबर येईल, तो जपून ठेवा. फोनवर कळवलं असलं तरी लेखी पोच हवीच.

आता विमानतळावर दिलेल्या रिपोर्टकडे वळू. त्याला पीआयआर म्हणतात आणि त्यावर दहा अक्षरी नंबर असतो, उदाहरणार्थ `FRAXX12345`: पहिली तीन अक्षरं रिपोर्ट नोंदवलेल्या विमानतळाची, पुढची दोन एअरलाइनची, मग पाच आकडे. हा कागद काढून नीट वाचा. टॅग नंबर तुमच्या बोर्डिंग पासला चिकटवलेल्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का, आडनावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, बॅगेचा रंग आणि प्रकार योग्य लिहिलाय का (काळ्या बॅगेला `BK` असा कोड असतो), पत्ता आणि फोन नंबर चालू आहेत का. काउंटरवर थकलेल्या माणसाने घाईत दिलेली माहिती आणि थकलेल्या कर्मचाऱ्याने टाइप केलेली माहिती, दोन्हीकडे चुका होतात. एक आकडा चुकला तरी शोधप्रणालीत तुमची बॅग दुसऱ्या कुठल्या विमानतळावर बेवारस पडून असूनही जुळत नाही. चूक दिसली तर ईमेलने दुरुस्त करून घ्या आणि सुधारलेली प्रत मागा. विमा कंपनीही याच नंबरांवरून तपासणी करते.

पीआयआर म्हणजे एअरलाइनकडे केलेला दावा नव्हे. बॅग जुळली नाही याची ती नोंद आहे, इतकंच. पैशांची मागणी स्वतंत्रपणे, लेखी, एअरलाइनच्या बॅगेज क्लेम विभागाकडे करावी लागते. दोन-तीन एअरलाइन बदलून गेला असाल तर रिपोर्ट शेवटच्या एअरलाइनकडे झालेला असतो आणि साधारणपणे तीच प्रकरण हाताळते. करारानुसार मात्र पहिली, शेवटची आणि जिच्याकडे बॅग असताना ती हरवली ती, या तिघींपैकी कोणाकडेही मागणी करता येते. "आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा" हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. कोर्टात जायची वेळ आलीच तर त्याची मुदत, ठिकाणी पोहोचल्याच्या किंवा पोहोचायला हव्या होत्या त्या तारखेपासून, २ वर्षं.

२१ दिवस पुरे झाले की दुसऱ्याच दिवशी एअरलाइनकडे पत्र मागा. "आम्ही दिलगीर आहोत" छापाच्या ईमेलचा विम्यासाठी काही उपयोग नाही. पत्रात काय हवं ते तुम्हीच लिहून पाठवा, म्हणजे त्यांचंही काम सोपं होतं: प्रवाशाचं नाव, उड्डाण क्रमांक आणि तारीख, टॅग नंबर, बॅगेचं नोंदलेलं वजन, पीआयआर नंबर, बॅग सापडलेली नाही आणि हरवली असं धरलं आहे हे स्पष्ट विधान, आणि भरपाई किती दिली वा देऊ केली, ती कोणत्या वस्तूंपोटी. दिली नसेल तर "आजपर्यंत काहीही दिलेलं नाही" असं तरी लिहून द्यावं. हे शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्यावर विम्याची रक्कम ठरते. त्याच्याकडे पुढे हिशोबात येऊच.

वस्तूंची यादी

एअरलाइनही तुमच्याकडे बॅगेतल्या सामानाची यादी मागते, बहुधा पहिले काही दिवस शोध निष्फळ ठरल्यावर, कारण बिनटॅगच्या बॅगा उघडून आतलं सामान ताडून पाहतात. ती यादी लोक धावतपळत भरतात: "कपडे, बूट, इतर." मग महिन्याभराने विमा कंपनीला सविस्तर यादी देतात आणि तिच्यात लेन्स आणि दोन जॅकेट अवतरतात. तपासणारा माणूस या दोन याद्या शेजारी ठेवून बघतो. एअरलाइनच्या यादीत नसलेली महाग वस्तू विम्याच्या यादीत दिसली की ती एक वस्तूच नव्हे, अख्खा क्लेम संशयाच्या भोवऱ्यात जातो. तुम्ही एअरलाइनला आधीच मोघम यादी दिली असेल तर आत्ताच "पूरक यादी" म्हणून सविस्तर पाठवा आणि तीच, शब्दही न बदलता, विमा कंपनीला द्या.

दुसरी ताडणी वजनाची. चेक-इन करताना बॅग मोजली जाते आणि तो आकडा एअरलाइनकडे राहतो. बॅग १६ किलो भरली असेल आणि यादीतल्या वस्तूंचं वजन अंदाजे २५ होत असेल, तर प्रश्न येणारच. पाठवण्याआधी स्वतःच एकदा बेरीज करून पाहा. रिकाम्या मोठ्या बॅगेचंच वजन ४ किलोच्या आसपास असतं, हे विसरू नका.

यादीत प्रत्येक ओळीत इतकं हवं: वस्तू, ब्रँड किंवा वर्णन, नग, कधी घेतली (महिना आणि वर्ष), तेव्हाची किंमत, आज तशीच वस्तू घ्यायला लागणारी किंमत, आणि पुरावा कोणता जोडलाय त्याचा क्रमांक. "तशीच" हा शब्द जपून वापरा. साधं जॅकेट गेलं आणि तुम्ही त्याच ब्रँडचं महागडं मॉडेल घेतलं, तर बिल खरं असूनही वरचा फरक कापला जातो. तुमचं मॉडेल आता मिळत नसेल तर जवळच्या दर्जाचं एक मॉडेल निवडा, दुकानाच्या वेबसाइटवरच्या किमतीचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि "मूळ मॉडेल बंद" एवढा शेरा लिहा. सेलमधली किंमत लावू नका आणि फुगवलेली छापील किंमतही नको. ज्या भावाला आज ती वस्तू सहज मिळते तो भाव लावा.

वस्तू एकत्र करून लिहायच्या की सुट्या? सुट्या. बहुतेक पॉलिसींत एका वस्तूसाठी कमाल रक्कम असते, पुष्कळदा एकूण संरक्षणाच्या काही टक्के. "कपडे: ४९०" अशी एकच ओळ लिहिली तर ती एक वस्तू धरून मर्यादेत अडकवायला कारण मिळतं. सहा शर्ट, चार पँट, दोन स्वेटर असे वेगळे लिहिले तर प्रत्येक नग मर्यादेच्या खूप खाली राहतो. उलट, जोडी किंवा संच ही एकच वस्तू: बुटांची जोडी एक, कॅमेरा आणि त्याची लेन्स बऱ्याच पॉलिसींत एक. संच मुद्दाम फोडला तर लगेच लक्षात येतं. आणि बॅग स्वतः यादीत टाका. ती कितीतरी जण विसरतात.

बिलं नाहीत, त्याबद्दल

बिल नाही म्हणून वस्तू यादीतून गाळू नका. बिल हा सर्वांत भक्कम पुरावा, पण एकमेव नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंची ऑर्डर ईमेलमध्ये किंवा दुकानाच्या खात्यात सापडते, अगदी जुनीही. ईमेलमध्ये दुकानाचं नाव आणि "order" किंवा "invoice" असं शोधून पाहा. दुकानात कार्डाने घेतलं असेल तर बँकेच्या स्टेटमेंटमधली ती ओळ, बाकीच्या ओळी झाकून. मोठी दुकानं सदस्य क्रमांकावरून जुनं बिल पुन्हा छापून देतात. विजेच्या वस्तूंचा रिकामा खोका, त्यावरचा सीरियल नंबर, वॉरंटीची नोंदणी हेही चालतं. आणि फोटो: तुम्ही ते जॅकेट घातलेला जुना फोटो फाइल म्हणूनच द्या, मेसेजिंग ॲपवरून फिरवलेला नको, कारण त्यातली तारखेची माहिती बहुधा निघून जाते. फोटोवरून वस्तू तुमची होती हे दिसतं, किंमत दिसत नाही; म्हणून त्यासोबत आजच्या भावाचा स्क्रीनशॉट जोडा.

मोजे, अंतर्वस्त्रं, रोजचे टी-शर्ट यांना कोणी बिल ठेवत नाही आणि तपासणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्यांना वाजवी दर लावून सरळ "बिल उपलब्ध नाही" लिहा. खोटं किंवा मागाहून बनवून घेतलेलं बिल मात्र अजिबात नको. पॉलिसीत फसवणुकीचं कलम असतं आणि एका खोट्या बिलामुळे उरलेला खरा क्लेमही नाकारता येतो.

एक हिशोब मांडून पाहू

पॉलिसी अशी समजा: पूर्ण हरवलेल्या चेक-इन बॅगेसाठी १,२०० डॉलर, एका वस्तूला कमाल १५०, डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, ५०, कॅमेरा आणि त्याचे भाग वगळलेले, संपणाऱ्या प्रसाधनाच्या वस्तू वगळलेल्या, आणि भरपाई घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत, कापून. घसाऱ्याचे दर पॉलिसीत असतात किंवा सर्व्हेअर ठरवतो. इथे कपडे-बुटांना वर्षाला २० टक्के आणि टिकाऊ वस्तूंना १० टक्के धरू.

| वस्तू | आजची किंमत | वय | घसारा | धरली जाणारी रक्कम |
|---|---|---|---|---|
| बॅग | १४० | ३ वर्षं | ३०% | ९८ |
| थंडीचं जॅकेट | २२० | १ वर्ष | २०% | १७६, मर्यादेमुळे १५० |
| चालायचे बूट | १२० | २ वर्षं | ४०% | ७२ |
| फॉर्मल बूट | ८० | १ वर्ष | २०% | ६४ |
| शर्ट, ६ नग × ३० | १८० | १ वर्ष | २०% | १४४ |
| पँट, ४ नग × ४० | १६० | २ वर्षं | ४०% | ९६ |
| स्वेटर, २ नग × ४५ | ९० | १ वर्ष | २०% | ७२ |
| मोजे, अंतर्वस्त्रं | ६० | १ वर्ष | २०% | ४८ |
| ट्रिमर आणि चार्जर | ७० | २ वर्षं | २०% | ५६ |
| प्रसाधनं | ३५ | – | वगळलेली | ० |
| कॅमेऱ्याची लेन्स | ३०० | १ वर्ष | वगळलेली | ० |

आजच्या भावाने एकूण नुकसान १,४५५ डॉलर, पण विम्याच्या हिशोबात उतरलं ८००. "माझी १,२०० ची पॉलिसी होती" ही तक्रार इथूनच जन्मते. १,२०० ही कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. तुमच्या पॉलिसीत "जुन्याच्या बदल्यात नवीन" असं लिहिलं असेल तर घसारा लागत नाही, मात्र अशा पॉलिसींत वस्तूच्या वयाची अट असते का आणि नवीन वस्तू प्रत्यक्ष विकत घेतल्याचं बिल दाखवावं लागतं का, हे कलम वाचूनच ठरवा. तसं असेल तर खरेदीची बिलं सांभाळा.

आता एअरलाइनचे पैसे. तिची जबाबदारीही अमर्याद नाही: करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी कमाल १,५१९ एसडीआर (त्याआधी १,२८८). एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे आणि त्याचा दर नाणेनिधीच्या वेबसाइटवर मिळतो. हीही कमाल मर्यादाच. एअरलाइनदेखील पुरावे मागते आणि जुन्या वस्तूंची किंमत कापते. समजा तिने तुम्हाला ४५० डॉलर देऊ केले.

बहुतेक पॉलिसी म्हणतात की एअरलाइनकडून मिळालेली रक्कम वजा करून उरलेलंच आम्ही देऊ. सरळ वजाबाकी केली तर ८०० मधून ४५० गेले, ३५० राहिले, डिडक्टिबल ५० वजा, हातात ३००. पण एअरलाइनच्या पत्रात लिहिलं असेल की ४५० पैकी ९० लेन्सपोटी आहेत, तर ते ९० विम्यातून वजा करण्याचं कारण उरत नाही, कारण लेन्सचं नुकसान विम्याने मुळात धरलेलंच नाही. मग ८०० वजा ३६० वजा ५०, म्हणजे ३९०. कागदावरच्या एका ओळीने ९० डॉलरचा फरक पडला. म्हणूनच वर म्हटलं की भरपाई कोणत्या वस्तूंपोटी हे पत्रात मागा. एकरकमी आकडा असेल तर विमा कंपनी तो पूर्णच वजा करण्याची शक्यता जास्त. काही पॉलिसींत वजावट पूर्ण नुकसानीतून, म्हणजे १,४५५ मधून आधी होते आणि मर्यादा नंतर लागतात; ती मांडणी तुमच्या फायद्याची. कंपनीने कोणता क्रम वापरला हे मंजुरीपत्रात दिसत नसेल तर हिशोबाचा तक्ता मागून घ्या.

एअरलाइनचा चेक किंवा ऑफर स्वीकारताना एक थांबा घ्या. सोबत "पूर्ण आणि अंतिम तडजोड" असा कागद सहीसाठी येतो. क्लेम दिल्यावर तो पैसा एअरलाइनकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच थोडक्यात मिटवून टाकलं तर "आमचा हक्क बुडवला" म्हणून कंपनी रक्कम कापू शकते. सही करण्याआधी तो कागद विमा कंपनीला ईमेल करून "स्वीकारू का?" असं लेखी विचारा. एअरलाइन महिनोन्‌महिने उत्तरच देत नसेल तर तेही विमा कंपनीला सांगा, पाठपुराव्याच्या ईमेल जोडा आणि वसुलीचे हक्क त्यांच्या नावे करून देण्याची तयारी दाखवा. बऱ्याचदा मग एअरलाइनच्या निर्णयाची वाट न पाहता क्लेम पुढे सरकतो.

या १७ दिवसांत तुम्ही गरजेपुरते कपडे, टूथब्रश वगैरे घेतलं असेल तर ती बिलं उशिराच्या कलमाखाली वेगळी द्या. त्याचे पैसे आधीच मिळाले असतील तर पूर्ण हरवल्याच्या रकमेतून ते वजा होऊ शकतात. आपल्याकडून लपवलं गेलं असं वाटू नये म्हणून फॉर्ममध्ये स्वतःच लिहा. त्याच प्रवासाला क्रेडिट कार्डाचा किंवा दुसरा विमा असेल तर तोही जाहीर करायचा असतो.

सगळं मिळून पाठवायचा संच असा: क्लेम फॉर्म, पॉलिसीची प्रत, तिकीट आणि बोर्डिंग पास, टॅगची पट्टी, पीआयआर, एअरलाइनचं पत्र, एअरलाइनशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार, वस्तूंची यादी, आणि यादीतल्या क्रमांकाप्रमाणे नावं दिलेले पुरावे. "IMG_4471" असल्या चाळीस फाइल्स पाठवल्यात तर तपासणारा तुम्हालाच परत विचारणार. `02_jacket_bill.pdf` असं नाव दिलं की यादीची दुसरी ओळ आणि पुरावा आपोआप जुळतात.

रक्कम कापून आली तर फोनवर वाद घालू नका. कोणत्या ओळीत, कोणत्या कलमाखाली, किती कापलं हे लेखी मागा. घसाऱ्याचा दर पॉलिसीत छापलेला नसेल तर तो कुठून आला हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि बुटांचं वय २ ऐवजी ४ वर्षं धरल्यासारख्या साध्या चुका याच तक्त्यात सापडतात.

आणि पैसे मिळाल्यावर बॅग सापडल्याचा फोन आला, जे घडतं, तर बॅग घेण्याआधी विमा कंपनीला कळवा. पॉलिसीनुसार रक्कम परत करून बॅग ठेवायची किंवा रक्कम ठेवून बॅग कंपनीच्या स्वाधीन करायची, यापैकी एक होईल. बॅग घेतलीत तर एअरलाइनच्या माणसासमोरच उघडा आणि काही तुटलं वा फाटलं असेल तर तिथेच नोंदवा, कारण खराबीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते.